एकच गूळ, दोन मायने

जयसिंगपूरच्या बाजारपेठेतील एखादी जुनी पेढी डोळ्यांसमोर आणावी. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसविलेल्या या गावातील क्रमांकांच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीत तिचे दुकान आहे. आजोबांच्या काळापासून गूळ आणि हळदीची अडत चालत आलेली आहे, आणि अलीकडे गावाबाहेर गूळ पावडर तयार करणारा एक लहानसा कारखानाही उभा राहिला आहे. वडील खरेदी आणि कारखाना पाहतात, तर वाणिज्य शाखेची पदवी घेऊन घरी परतलेली मुलगी पत्रव्यवहार पाहते. एके आठवड्यात तिच्यासमोर दोन पत्ते येतात. पहिला पत्ता मुंबईतील एका जुन्या, मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीच्या खरेदी विभागाचा. ती कंपनी आपल्या बिस्किटांत साखरेऐवजी गूळ वापरू पाहत आहे. दुसरा बंगळुरूतील तीन वर्षांच्या एका स्टार्टअपचा. तेथे एकूण चौदा माणसे, आणि माल म्हणजे ओट्स, सुकामेवा व गूळ यांच्या वड्या.

माल एकच, भाव एकच, म्हणून मुलीने इंग्रजीत एकच पत्र तयार केले आणि दोन्हीकडे पाठविले. ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ अशी त्याची सुरुवात होती. पुढे पेढीचा तीन पिढ्यांचा इतिहास, ‘आपल्या नामांकित संस्थेशी’ संबंध जोडण्याची इच्छा, आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. मुंबईहून आठ दिवसांनी पुरवठादार नोंदणीचा अर्ज आला. बंगळुरूहून काहीच आले नाही. दोन आठवड्यांनी तिने तेथे दूरध्वनी केला, तेव्हा संस्थापक तरुण अगदी सरळपणे म्हणाला, “असं पत्र आलं होतं का? मग मला ते जाहिरातीचं वाटलं असणार. रोज वीस येतात.”

या उत्तराने मुलगी जरा दुखावली, आणि दुखावलेली माणसे करतात तेच तिने केले. ती दुसऱ्या टोकाला गेली. मुंबईच्या खरेदी अधिकाऱ्याला पाठपुराव्याचे पत्र लिहिताना तिने नुसते पहिले नाव घालून ‘हाय’ लिहिले, नमुना कसा वाटला ते विचारले, आणि शेवटी हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह टाकले. उत्तर दोन ओळींचे आले: यापुढील पत्रव्यवहार संदर्भ क्रमांकासह विभागाच्या अधिकृत पत्त्यावर करावा. उत्तरात राग नव्हता. पण दार थोडे मिटले होते.

तिचे दोन्ही अंदाज का चुकले, हे पाहण्यासारखे आहे. वरवर पाहता हा अदबीचा प्रश्न दिसतो. मोठ्यांशी अदबीने बोलावे आणि तरुणांशी मोकळेपणाने, एवढाच. परंतु पत्राचा सूर माणसाच्या वयावर किंवा कंपनीच्या वयावर ठरत नाही. ते पत्र किती जण वाचणार, कोठे वाचणार आणि किती काळाने वाचणार, यावर तो ठरतो.

मुंबईच्या कंपनीत गुळाच्या देकाराचे काय होते ते पाहावे. खरेदी अधिकारी तो उघडतो आणि आणखी दोन-तीन देकारांच्या शेजारी ठेवून तुलनेचा तक्ता करतो. नमुना आणि तपासणीचा अहवाल गुणवत्ता विभागाकडे जातो. दर मान्य झाला तर लेखा विभाग पुरवठादाराचा संकेतांक उघडतो, त्यासाठी जीएसटी क्रमांक, बँकेचा तपशील, उद्यम नोंदणी आणि खाद्य परवाना मागतो. वर्षभराने लेखापरीक्षक विचारतो की हाच पुरवठादार का निवडला. तोपर्यंत मूळ अधिकारी कदाचित दुसऱ्या शहरात बदलून गेलेला असतो. म्हणजे हे एक पत्र चार-पाच अनोळखी माणसे वाचतात, आणि शेवटच्या वाचकाला पेढीचे नाव सोडल्यास काहीही ठाऊक नसते. औपचारिक मायना, विषयाची ओळ, संदर्भ क्रमांक आणि तारीख या गोष्टी तेथे शोभेच्या नसतात. फाइलमधील त्या पाचव्या वाचकासाठी त्या असतात. ‘हाय’ आणि हसरा चेहरा पाहून खरेदी अधिकारी अवघडला, कारण ते पत्र त्याला वरिष्ठांकडे पाठवायचे होते. पुरवठादार आपल्याशी इतक्या सलगीने का बोलतो, असा प्रश्न वरच्या खोलीत उठू नये, एवढीच त्याची काळजी होती.

बंगळुरूच्या कंपनीत यांतले काहीच नसते. पत्र संस्थापकाच्या भ्रमणध्वनीवर येते. तो ते रिक्षात किंवा दोन बैठकांच्या मध्ये वाचतो, आणि पडद्यावर एका वेळी सात-आठ ओळी दिसतात. निर्णय घेणारा, नमुना चाखणारा आणि पैसे देणारा बहुधा तोच. त्याला तीन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: हा माणूस आमचा माल ओळखतो का, त्याच्याकडे आम्हाला हवे ते आहे का, आणि पुढे मी काय करायचे? ‘रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम’ हे वाचताच त्याला समजते की लिहिणाऱ्याने आपले नावही शोधलेले नाही. तेथे अदब उलटी पडते. ती दुर्लक्षाची खूण ठरते.

मराठी माणसाच्या इंग्रजीत एक अडचण आणखी असते, आणि तिच्याकडे क्वचितच कोणी लक्ष देतो. मराठीत आदर सर्वनामात आणि क्रियापदात बसलेला आहे. ‘आपण कळवावे’ म्हटले की आदर झाला. वेगळे विशेषण लागत नाही. इंग्रजीत तू, तुम्ही आणि आपण या तिघांसाठी एकच शब्द. त्यामुळे आपला माणूस इंग्रजी लिहू लागला की हरवलेला आदर भरून काढण्यासाठी ‘रिस्पेक्टेड’, ‘एस्टीम्ड’, ‘युअर गुड सेल्फ’, ‘काइंडली’ अशा शब्दांच्या राशी घालतो. त्याच्या मनात ते ‘आपण’ असते. वाचणाऱ्याला मात्र जुन्या कचेरीतील अर्जाचा वास येतो. उलट, हे शब्द काढून टाकले की त्याला वाटते आपण आता ‘तू’ म्हणत आहोत, आणि मग तो एकदम ‘हाय’वर उतरतो. मधली पायरी त्याला सापडत नाही. ती पायरी साधी आहे: नावाने हाक, पूर्ण वाक्ये, विनंती सरळ शब्दांत, आणि शेवटी आभार एकदाच.

आजोबांना हा सगळा प्रकार नातीने सांगितला, तेव्हा त्यांनी कपाटातून दोरीत ओवलेली जुनी पोस्टकार्डे काढली. हिंदुस्थानात पोस्टकार्ड 1879 साली आले आणि अडत्यांच्या धंद्याला ते फार मानवले. त्या कार्डांवर वर ‘श्री’, मग ‘जय जिनेंद्र’ किंवा ‘स. न. वि. वि.’, आणि लगेच खाली त्या दिवसाची आवक, गुळाचा भाव, किती रवे पाठविले आणि पैसे कधी पोहोचावेत. सहा-सात ओळींत सारे संपलेले. घरातील पत्रांचे मायने मात्र वेगळे होते. वडिलांस तीर्थरूप, मुलास चिरंजीव, परक्यास राजमान्य राजश्री. नाते बदलले की मायना बदलायचा, हे त्या पिढीला शिकवावे लागत नसे. नातीने कार्डे वाचली आणि म्हणाली, “अण्णा, बंगळुरूला हेच पाठवायला हवं होतं.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. तीन पिढ्यांच्या इतिहासाने भरलेले ते लांबलचक पत्र आजोबांच्या वळणाचे नव्हतेच. ते टंकलेखनाच्या वर्गातून घरात आले होते.

तिने मग बंगळुरूला दुसरे पत्र लिहिले. मूळ पत्र इंग्रजीत होते. मराठीत त्याचा आशय असा:

“नमस्कार, (पहिले नाव). तुमच्या खजूर-ओट्स वडीच्या वेष्टनावर गूळ हा तिसरा घटक आहे, हे पाहिले. आम्ही जयसिंगपूर येथे गूळ पावडर तयार करतो. आर्द्रता तीन टक्क्यांच्या आत ठेवतो, त्यामुळे मिश्रणात गाठी होत नाहीत. प्रयोगशाळेचा अहवाल एका पानाचा सोबत आहे. 500 किलोची पहिली खेप मागणीनंतर दहा दिवसांत पोहोचवू शकतो. दर किलोस 72 रुपये, वाहतूक आमच्याकडे, कर असल्यास वेगळा. दोन किलो नमुना पाठवू का? पत्ता कळविल्यास सोमवारी निघेल.”

खाली नाव, पेढी आणि दूरध्वनी क्रमांक. यात मैत्रीचा एकही शब्द नाही, हे लक्षात घ्यावे. तरीही पत्र मोकळे वाटते, कारण ते एका माणसाने एका माणसाला लिहिले आहे आणि समोरच्याचा माल हातात घेऊन लिहिले आहे. स्टार्टअपला लिहिताना ‘फ्रेंडली’ म्हणजे एवढेच. विनोद, उद्गारचिन्हे, ‘ब्रो’ आणि हसरे चेहरे यांची तेथेही गरज नसते. आणि पन्नाशीतील वडिलांनी ते वापरले तर ते विशेषच केविलवाणे दिसते.

मुंबईला गेलेले पत्र दीड पानाचे झाले. वर पेढीचा जावक क्रमांक आणि तारीख होती, विषयाच्या ओळीत मालाचे नाव आणि कंपनीच्या चौकशीचा क्रमांक. मायना अधिकाऱ्याच्या पदनामाने आणि आडनावाने. पुढे दर, तो दर किती तारखेपर्यंत कायम राहील ती मुदत, किमान मागणी, वेष्टन, पोहोच करण्याचे ठिकाण, पैसे देण्याची मुदत, माल नाकारायचा असल्यास किती दिवसांत व कोणत्या चाचणीवर, हे सारे वेगवेगळ्या परिच्छेदांत. पेढीच्या इतिहासाला एक वाक्य मिळाले, तेही शेवटी. आणि उद्यम नोंदणीचा क्रमांक ‘उत्पादक, सूक्ष्म उद्योग’ या शब्दांसह.

या शेवटच्या ओळीवर थोडे थांबले पाहिजे, कारण व्यापारी घराण्यांत तिच्याविषयी फार गैरसमज आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. लेखी काहीच ठरले नसेल तर मुदत 15 दिवसांची. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या प्राप्तिकरातील तरतुदीने अशी थकबाकी खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येईनाशी झाली. म्हणून मोठ्या कंपन्यांचा लेखा विभाग तो क्रमांक आपण होऊन मागतो. परंतु हे संरक्षण उत्पादकाला आणि सेवा पुरविणाऱ्याला आहे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यास 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. या घरातील कारखान्याला 45 दिवसांचा आधार आहे. अडत दुकानाला नाही. दोन्ही व्यवसायांची पत्रे एकाच शीर्षपत्रावर लिहिण्याची सवय असेल तर ती मोडलेली बरी. औपचारिक पत्रात ही माहिती एका ओळीत, कोणताही धाक न दाखविता, सहज बसते. पहिल्या ओळखीच्या मोकळ्या पत्रात ती घातली तर भेटीआधीच भांडणाची तयारी केल्यासारखी दिसते. तिची जागा पुढे, मागणी मान्य करण्याच्या पत्रात.

बंगळुरूला नमुना गेला, पसंत पडला आणि 500 किलोची मागणी आली. ती व्हॉट्सॲपवर आली, आणि येथे मोकळ्या सुराचा खरा धोका सुरू होतो. संस्थापकाने लिहिले, “मस्त आहे. 500 किलो पाठवून द्या, पैशांचं बघू, एक महिना धरा.” मुलीने उत्तरादाखल अंगठ्याचे चिन्ह पाठवले.

अंगठ्याचे चिन्ह म्हणजे काय? कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या न्यायालयापुढे 2023 साली नेमका हाच प्रश्न आला होता, आणि तोही धान्याच्या व्यापारात. धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीच्या प्रतिनिधीने मार्च 2021 मध्ये जवसाच्या खरेदीचा करार सही करून त्याचे छायाचित्र एका शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवर पाठविले आणि तो करार मान्य असल्याचे कळवावे असे लिहिले. शेतकऱ्याने अंगठ्याचे चिन्ह पाठविले. माल नोव्हेंबरात द्यायचा होता. तोवर जवसाचा भाव बराच चढला आणि माल आलाच नाही. शेतकऱ्याचे म्हणणे होते की अंगठ्याचा अर्थ ‘करार मिळाला’ एवढाच. न्यायालयाने ते मानले नाही आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलरची भरपाई देण्याचा हुकूम केला. पुढे 2024 मध्ये अपील न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. निकालात वजन पडले ते दोघांच्या जुन्या सवयीचे. त्याआधीचे करारही त्या शेतकऱ्याने ‘ओके’, ‘यप’ अशा मोजक्या शब्दांनी मान्य केले होते आणि दरवेळी माल दिला होता. मोकळ्या सुराला चाल पडली की ती चालच सही होते.

आपल्याकडेही सूर सैल असल्याने करार सैल ठरत नाही. ट्रायमेक्स आणि वेदांता ॲल्युमिनियम यांच्यातील बॉक्साइटच्या व्यवहारात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ई-मेलवरील देकार आणि त्यावरील मोजक्या शब्दांची मान्यता यांतून करार पूर्ण झाल्याचे मानले. सविस्तर मसुद्यावर सही व्हायची राहिली होती, हा बचाव चालला नाही. तेव्हा मुलीने पाठविलेल्या अंगठ्याचा अर्थ उद्या भांडण झाले तर कोणी काय लावील, हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. ‘पैशांचं बघू, एक महिना धरा’ याला होकार दिला, म्हणजे महिना ठरला की बघायचे ठरले?

वडिलांनी ते वाचले आणि त्याच संध्याकाळी तिला ई-मेल करायला लावला. सूर तोच ठेवला, म्हणजे पहिल्या नावाने नमस्कार. “आज बोलल्याप्रमाणे” या शब्दांनी सुरुवात. आणि मग पाच गोष्टी: 500 किलो, किलोस 72 रुपये, एकूण 36,000 रुपये, माल स्वीकारल्यापासून 30 दिवसांत पैसे, आर्द्रतेविषयी तक्रार असल्यास सात दिवसांत लेखी. उद्यम क्रमांक खाली सहीच्या ओळीत. शेवटी “यात काही वेगळे समजलो असल्यास उद्या दुपारपर्यंत कळवा, नाहीतर याप्रमाणे माल भरतो.” संस्थापकाने उत्तर दिले, “परफेक्ट.” मोकळ्या भाषेत केलेला व्यवहार कागदावर कसा आणावा, याचे हे चांगले उदाहरण आहे. भाषा ताठ झाली नाही, पण आकडे जागेवर बसले. यानंतर ‘परफेक्ट’ हा शब्दही पुरेसा आहे.

हिशेबाच्या बाबतीत एक मोह या घराण्यांना विशेष पडतो. समोरच्याचे आडनाव शहा, दोशी, पाटील किंवा चौगुले दिसले, की पत्रात ‘जय जिनेंद्र’ उतरते, आणि त्याच्या पाठोपाठ ‘आपलेच आहात’ हा सूर. बंगळुरूच्या संस्थापकाशी प्रत्यक्ष ओळख झाल्यावर, तोही समाजातलाच निघाला तर, अभिवादन तसे करण्यात काहीच वावगे नाही. त्याने स्वतः तसे लिहिले तर उत्तरही तसेच द्यावे. मुंबईच्या खरेदी अधिकाऱ्याला मात्र असे लिहिणे म्हणजे त्याच्या नोकरीची अडचण करणे होय. ते पत्र तुलनेच्या तक्त्यासोबत राहते, आणि निवड गुणवत्तेवर झाली की ओळखीवर, असा संशय त्याच्या कपाळी येतो. त्याला मनापासून आनंद झाला असला तरी तो पत्रात दाखवू शकत नाही. अशा वेळी पत्रात ‘महोदय’ आणि महावीर जयंतीला दूरध्वनीवर ‘जय जिनेंद्र’, ही विभागणी दोघांनाही सोयीची पडते.

सूर ओळखण्याचा सर्वांत विश्वासू मार्ग म्हणजे समोरच्याचे स्वतःचे पत्र. तो सुरुवात कशी करतो, सही पूर्ण नावाने करतो की पहिल्या नावाने, विषयाची ओळ लिहितो का, दोन ओळींत उत्तर देतो की परिच्छेदांत, हे पाहावे आणि आपण त्याच्यापेक्षा एक पायरी वर राहावे. त्याने ‘हाय’ लिहिले तर आपण नावासह ‘नमस्कार’ किंवा ‘हॅलो’. त्याने ‘डिअर मिस्टर’ लिहिले तर आपणही आडनावानेच, तो स्वतः उतरेपर्यंत. पहिल्या पत्राच्या वेळी असा नमुना हाताशी नसतो. तेव्हा पत्ता पाहावा: विभागाच्या नावाचा पत्ता असेल तर औपचारिक, माणसाच्या पहिल्या नावाचा असेल तर मोकळे, असा ढोबळ अंदाज चालतो. तो चुकूही शकतो. शंभर वर्षांच्या कंपनीत नव्या उत्पादनासाठी नेमलेली चार तरुणांची तुकडी स्टार्टअपसारखीच वागते, आणि गुंतवणूक मिळून दोनशे माणसांची झालेली स्टार्टअप कंपनी खरेदी विभाग उघडते, तेव्हा कालपर्यंत ‘यार’ म्हणणारा संस्थापक मागे जातो आणि पुरवठादार नोंदणीचा अर्ज पुढे येतो.

बंगळुरूच्या बाबतीत हे जरा लवकरच घडले. माल 3 जूनला स्वीकारला गेला. पैसे 3 जुलैला यायला हवे होते. 4 तारखेला मुलीने त्याच मोकळ्या सुरात लिहिले, “नमस्कार, बिल क्रमांक 41 चे 36,000 रुपये काल यायचे होते, बँकेत काही अडले असल्यास सांगा.” उत्तर आले की गुंतवणुकीचा हप्ता लांबला आहे, पुढच्या महिन्यात नक्की. सोबत हात जोडलेले चिन्ह. या ठिकाणी तिने पुन्हा अंगठा पाठवला असता, तर मुदतवाढीला संमती दिली असे म्हणायला जागा राहिली असती. तिने चिन्ह पाठवले नाही. 8 जुलैला दुसरे पत्र गेले, यावेळी संस्थापकासोबत त्यांच्या हिशेबनीसालाही प्रत, विषयाच्या ओळीत बिल क्रमांक, आणि मजकुरात “अडचण समजते, परंतु मुदत वाढविण्यास आमची संमती नाही” हे एक वाक्य. नमस्कार मात्र पहिल्या नावानेच राहिला.

वडिलांना ते फार मऊ वाटले. त्यांचे म्हणणे, वकिलाची नोटीस द्यावी. आजोबा म्हणाले, “सूर जिन्यासारखा असतो, बाळ. दोन पायऱ्या सोडून चढलास तर धाप लागते, आणि खाली तर उतरताच येत नाही.” नोटिशीनंतर पुन्हा ‘नमस्कार’ लिहिता येत नाही, हा त्यांच्या बोलण्याचा व्यावहारिक अर्थ होता, आणि या गिऱ्हाइकाकडून पुढच्या खेपेची आशा होती.

तिसरे पत्र 19 जुलैला गेले, कारण 45 दिवस 18 तारखेला संपत होते. ते पूर्ण औपचारिक होते. पेढीचे शीर्षपत्र, जावक क्रमांक, मायन्यात आडनाव, मागील दोन पत्रांच्या तारखा, माल स्वीकारल्याची पोच, आणि 2006 च्या कायद्याप्रमाणे व्याज लागू झाल्याची नोंद. रागाचा शब्द नव्हता, पेढीच्या पतीचा उल्लेख नव्हता, आणि ‘आम्हाला फार वाईट वाटले’ असेही नव्हते. ‘हाय’ लिहिणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच ‘महोदय’ आले, तेव्हा त्या शब्दाने जे सांगायचे ते सांगितले. आधीपासूनच सारी पत्रे ‘महोदय’ने सुरू झाली असती तर या पायरीला काही आवाज राहिला नसता.

24 तारखेला 36,000 रुपये जमा झाले. व्याजाचा प्रश्न मुलीने काढला नाही. तसे तिने आणि वडिलांनी आधीच ठरविले होते. सोबत हिशेबनीसाचा ई-मेल होता, ‘डिअर मॅडम’ने सुरू होणारा, विषयाच्या ओळीसह आणि संदर्भ क्रमांकासह. पुढील खेपेची मागणी यापुढे आपल्याकडूनच येईल, असे त्यात कळविले होते. मुलीने उत्तराचा मायना बदलला, आडनाव लिहिले, आणि दराची मुदत 31 ऑगस्टपर्यंत ठेवली.